चुकलेला व्हिडिओ पुन्हा टाकताना: जुन्या लिंकवर आलेल्या माणसाला नव्यापर्यंत कसं न्यायचं

मी कोकणातल्या बागायतीवर व्हिडिओ करतो. मागे एका मे महिन्यात सुपारीच्या कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक कसं करायचं, यावर 11 मिनिटं 40 सेकंदांचा व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवशी रात्री एका काकांची कमेंट आली: "दादा, 10 लिटर की 100 लिटर?" व्हिडिओ लावून बघितला. 4 मिनिटं 12 सेकंदांवर मी ठणकावून सांगत होतो, "एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी." शेवटच्या उजळणीत, 10:50 ला, पाटीवरही तेच.

एक टक्क्याच्या फवारणीला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. दहा लिटरमध्ये तेवढंच घातलं की दहा टक्क्यांची बोर्डो पेस्ट होते. ती खोडाला आणि छाटलेल्या जागेला ब्रशने लावायची असते. मी आधल्या आठवड्यात पेस्टचाच व्हिडिओ केला होता, आकडा तिथून जिभेवर आला. ही पेस्ट कोणी पंपात भरली तर नोझल तुंबेल ते तुंबेल, कोवळा घोसही करपेल.

यूट्यूबवर एकदा टाकलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. विमिओवर पैसे भरून घेतलेल्या खात्यात त्याच लिंकवर फाइल बदलायची सोय आहे, इथे नाही. नवी फाइल टाकली की नवी अकरा अक्षरी आयडी मिळते आणि व्ह्यूज, लाइक, कमेंट सगळं शून्यापासून सुरू होतं. जुनी लिंक मात्र लोकांच्या व्हॉट्सॲपमध्ये तशीच पडलेली असते. म्हणून पुन्हा अपलोड करणं हे सोपं काम. जुन्या लिंकवर येणाऱ्याला नव्यापर्यंत आणणं हे खरं काम, आणि ते सगळं टायटल, डिस्क्रिप्शन, कार्ड अशा व्हिडिओभोवतीच्या माहितीतूनच करावं लागतं.

आधी ठरवा: पुन्हा टाकायचाच आहे का?

चूक फक्त टायटल, डिस्क्रिप्शन, थंबनेल किंवा सबटायटलमध्ये असेल तर ते जागच्या जागी बदलतं. नवा व्हिडिओ कशाला? चूक व्हिडिओत आहे, पण ते वाक्य काढून टाकलं तरी अर्थ टिकतो, अशी असेल तर यूट्यूब स्टुडिओतल्या एडिटरने तेवढा तुकडा कापा. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं राहतं. एडिटरला दोन मर्यादा आहेत. सहा तासांहून लांब व्हिडिओ त्यात सेव्ह होत नाही, आणि चॅनल पार्टनर प्रोग्राममध्ये नसेल तर एक लाख व्ह्यूजच्या पुढे गेलेल्या व्हिडिओवर बहुतेक बदल सेव्ह करता येत नाहीत. शिवाय कापलेला भाग प्रक्रिया होऊन दिसायला कधी कधी बरेच तास जातात आणि तोवर लोक जुनंच बघत असतात.

तिसरा मार्ग दुरुस्तीच्या नोंदीचा. डिस्क्रिप्शनमध्ये `Corrections:` असं लिहून खाली वेळ आणि खुलासा दिला, की त्या वेळेला व्हिडिओच्या कोपऱ्यात दुरुस्ती पाहण्याचं कार्ड येतं. एखादं साल चुकलं, गावाचं नाव चुकलं, तर एवढं पुरतं.

माझ्या चुकीला यातलं काहीच पुरणार नव्हतं. ते वाक्य कापलं तर प्रमाणच सांगायचं राहतं, आणि बोर्डोच्या व्हिडिओत प्रमाणच नसेल तर तो बघायचा कशाला? तेव्हा पुन्हा टाकायचा हे ठरलं. पण नवं शूटिंग, एडिटिंग आणि अपलोडला दोन दिवस लागणार होते. ते दोन दिवस जुन्या व्हिडिओचं काय करायचं?

पहिली रात्र: प्रायव्हेट करू नका

हात आधी `Private` किंवा डिलीटकडेच जातो. चूक झाकायची घाई असते, दुसरं काय. पण विचार करा, परवा हा व्हिडिओ बघितलेला माणूस उद्या सकाळी बागेत मोरचूद भिजवायला बसलाय. प्रमाण नक्की करायला तो तीच लिंक परत उघडतो. तिथे "हा व्हिडिओ खाजगी आहे" एवढंच दिसलं, तर तो आठवणीवर जाणार, आणि त्याच्या आठवणीत माझे दहा लिटर आहेत. व्हिडिओ प्रायव्हेट केला की त्याच्यासोबत टायटल, डिस्क्रिप्शन, पिन केलेली कमेंट सगळंच जातं. म्हणजे जिथे सूचना लावायची तो दरवाजाच आपण काढून टाकतो.

म्हणून त्या रात्री मी व्हिडिओ उघडाच ठेवला आणि चार गोष्टी बदलल्या.

टायटलच्या सुरुवातीलाच "प्रमाण चुकलंय: पाणी 100 लिटर घ्या" असं घातलं. टायटलला एकूण 100 अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्यातलंही पुढचंच दिसतं, त्यामुळे सूचना शेवटी लावून उपयोग नाही. थंबनेलवर लाल पट्टीत तोच आकडा टाकला. डिस्क्रिप्शन असं केलं:

```
यात पाण्याचं प्रमाण चुकीचं आहे. फवारणीसाठी 10 नव्हे, 100 लिटर.
दुरुस्त व्हिडिओ दोन दिवसांत इथेच देतो.

0:00 साहित्य
1:50 चुना निवळणे
4:05 पाण्याचं प्रमाण
6:30 विळ्याची परीक्षा
8:45 फवारणी

Corrections:
4:12 पाणी 10 नव्हे, 100 लिटर
10:50 पाटीवरही 100 लिटर असं वाचा
```

यात लोक दोन ठिकाणी अडखळतात. `Corrections:` हा शब्द इंग्रजीतच लिहावा लागतो. "दुरुस्ती:" लिहिलं तर काहीच होत नाही. पुढचा खुलासा मराठीत चालतो. दुसरं, हा भाग चॅप्टरच्या यादीखालीच हवा. कार्ड फक्त पहिल्या नोंदीच्या वेळेला येतं, म्हणून पहिली नोंद सर्वांत घातक चुकीची असू द्या. चॅनलवर स्ट्राइक चालू असेल तर ही सोय मिळत नाही.

चौथी गोष्ट पिन केलेली कमेंट. एका व्हिडिओवर एकच कमेंट पिन करता येते, त्यामुळे आधीची "सबस्क्राइब करा"वाली काढून ही लावली. काकांच्या कमेंटला उत्तर दिलं, आभार मानले. ती कमेंट उडवायचा मोह आवरा. खाली वाचणाऱ्याला चूक नक्की कुठे आहे हे तीच सर्वांत सरळ सांगते.

नव्याची माहिती: कॉपी करा, पण डोळे उघडे ठेवून

नवी फाइल टाकताना ती `Unlisted` म्हणून चढवा. अपलोड सुरू होताच नव्या व्हिडिओची लिंक हातात येते, आणि ती आत्ताच हवी असते, कारण जुन्याच्या सगळ्या सूचना तिच्याकडे बोट दाखवणार आहेत. कॉपीराइटची तपासणी आणि एचडी प्रक्रिया होईपर्यंत बाकीचं लिहून काढा.

अपलोडच्या पानावर `Reuse details` हे बटण आहे. जुना व्हिडिओ निवडला की टायटल, डिस्क्रिप्शन, टॅग वगैरे नव्यात येतं. वेळ वाचतो, पण चूकही त्याच वाटेने सोबत येते. माझा दहा लिटरचा आकडा व्हिडिओत दोनदा होता, तसाच डिस्क्रिप्शनमधल्या साहित्याच्या यादीत होता आणि सबटायटलमध्येही होता. ती सबटायटल मी आवाज ऐकून स्वतःच टाइप केली होती, तरी तेव्हा खटकलं नव्हतं! म्हणून नव्यात काहीही आणण्याआधी जुनं डिस्क्रिप्शन आणि सबटायटल फाइल एका जागी उघडून "10", "१०" आणि "दहा" असं तिन्ही प्रकारे शोधा. आपण आकडे कधी देवनागरीत लिहितो, कधी इंग्रजीत, कधी अक्षरात, त्यामुळे एकदा शोधून भागत नाही.

त्या रात्रीच्या बदलांनंतर कॉपी केलंत तर "प्रमाण चुकलंय" हे टायटलही नव्यावर येऊन बसेल, हेही बघा. नव्याचं टायटल मी मूळचंच ठेवलं, "सुपारीच्या कोळे रोगासाठी 1% बोर्डो मिश्रण", आणि शेवटी फक्त "सुधारित" जोडलं. लोक शोधताना "कोळे रोग बोर्डो" हेच टाकतात, "सुधारित" असं कोणी शोधत नाही, म्हणून ते मागे. जुन्यावर सूचना पुढे आणि नव्यावर मागे, हा फरक मुद्दाम आहे. टॅगवर वेळ घालवू नका, जसे होते तसे आणा. शोधात त्यांचं वजन नगण्य असतं.

डिस्क्रिप्शन मिटलेलं असताना सुरुवातीचं थोडंच दिसतं, म्हणून काय बदललं ते पहिल्या दोन ओळींत हवं. मी लिहिलं: "आधीच्या व्हिडिओत पाणी 10 लिटर सांगितलं होतं, ते चूक. फवारणीसाठी 100 लिटर. बाकी कृती तीच." "काही तांत्रिक दुरुस्त्यांसह" असली वाक्यं टाळा. जुना बघितलेल्या माणसाला पूर्ण व्हिडिओ परत बघावा लागू नये, त्याचं काम या ओळीतच झालं पाहिजे. नव्यात जुन्याची लिंक मी देत नाही. चुकीच्या प्रमाणाकडे माणूस परत पाठवण्यात अर्थ नाही.

आता वेळांचं गणित. नव्या व्हिडिओच्या सुरुवातीला मी 18 सेकंद बोलून दुरुस्ती सांगितली, कारण टीव्हीवर बघणारे डिस्क्रिप्शन उघडत नाहीत. प्रमाणाच्या भागात पेस्ट आणि फवारणीतला फरक सांगायला 9 सेकंद वाढले. म्हणजे प्रमाणापर्यंतच्या वेळा 18 ने आणि त्यापुढच्या 27 ने सरकतात:

```
0:00 काय दुरुस्त केलं
0:18 साहित्य
2:08 चुना निवळणे
4:23 पाण्याचं प्रमाण
6:57 विळ्याची परीक्षा
9:12 फवारणी
```

चॅप्टर दिसायला यादी 0:00 पासून सुरू व्हावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक चॅप्टर निदान दहा सेकंदांचा हवा. जुनी यादी तशीच चिकटवली तर चॅप्टर दिसतात, पण "विळ्याची परीक्षा" दाबल्यावर माणूस अजून प्रमाणाच्याच भागात उतरतो. ही चूक टाकणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण आपण आपला व्हिडिओ चॅप्टर दाबत बघत नाही.

सबटायटललाही हेच लागू. जुन्या व्हिडिओवरून `.srt` फाइल उतरवून घ्या आणि सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळ्या वेळा एकदम पुढे ढकला. आधी पूर्ण फाइल 18 सेकंद, मग प्रमाणाच्या नंतरच्या ओळी निवडून आणखी 9. सुरुवातीची नवी वाक्यं आणि प्रमाणाचा बदललेला भाग हाताने लिहा. मग तीन ठिकाणी लावून बघा: सुरुवातीला, जोडाच्या लगेच पुढे आणि शेवटच्या मिनिटात. शेवटी जुळलं तर मधलं बहुधा जुळलेलं असतं.

पालट: क्रम महत्त्वाचा

नवा आधी पब्लिक करा, मग जुन्यावर त्याची लिंक लावा, आणि सर्वांत शेवटी जुन्याची दृश्यता बदला. उलट केलं तर मधल्या वेळात जुन्यावर आलेल्याला जायला जागाच नसते.

पब्लिक करण्याआधी सबस्क्रायबरना सूचना पाठवण्याची खूण बघून घ्या. ती `Show more` खाली दडलेली असते. चूक किरकोळ असेल तर खूण काढा, एकाच व्हिडिओसाठी लोकांना दोनदा घंटा नको. प्रमाण, औषध, वीज, पैसे असल्या बाबतीत खूण ठेवाच. ज्यांनी जुना बघितला त्यांतले बरेच जण त्या घंटेनेच येतात.

मग जुन्याकडे वळा. डिस्क्रिप्शनच्या दुसऱ्या ओळीत "दोन दिवसांत देतो"च्या जागी `https://youtu.be/NEW_ID` अशी खरी लिंक घाला, पिन कमेंटमध्येही घाला. टायटल पुन्हा बदलून "जुना व्हिडिओ, नवा पाहा" असं सुरुवातीला आणा. शेवटच्या वीस सेकंदांत एंड स्क्रीनवर नवा व्हिडिओ बसवा. एक कार्ड अगदी सुरुवातीला, नव्या व्हिडिओचं. कार्डावरच्या मजकुराला 30 अक्षरंच मिळतात, "प्रमाण दुरुस्त, नवा पाहा" त्यात बसतं. मुलांसाठीचा म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओवर कार्ड, एंड स्क्रीन, कमेंट यांतलं काहीच मिळत नाही. तिथे टायटल, थंबनेल आणि डिस्क्रिप्शनवरच भागवावं लागतं.

जुन्यावर नव्या कमेंट नको असतील तर कमेंट `Off` करू नका, `Pause` करा. बंद केल्या की आधीच्या कमेंटही लपतात आणि आपली पिन केलेली लिंक त्यांच्यासोबत जाते. थांबवल्या तर जुन्या दिसत राहतात, नव्या येत नाहीत. मी पहिल्यांदा बंदच केल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पिन कमेंट कुठे गेली म्हणून शोधत बसलो.

नवा आल्यावर मी एडिटरमध्ये जुन्यातलं प्रमाणाचं वाक्य आणि उजळणीची पाटी कापली. आता योग्य प्रमाण सांगणारा व्हिडिओ हाताशी होता, त्यामुळे कापायला हरकत नव्हती. कापल्यावर वेळा सरकतात, तेव्हा जुन्याचे चॅप्टर आणि `Corrections:` दोन्ही काढून टाकले आणि जिथे वाक्य होतं त्या सांध्यावर नव्या व्हिडिओचं दुसरं कार्ड लावलं. निरुपद्रवी चूक असती तर कापलं नसतं, नोंद तशीच ठेवली असती. पंपात काय भरायचं याचा प्रश्न असताना ऐकणारा कार्ड बघेलच, यावर विसंबणं मला पटत नाही.

शेवटी जुना `Unlisted`. तो शोधात आणि चॅनलच्या यादीत येत नाही, पण लिंक असलेल्याला उघडतो, त्याच्यावरच्या सगळ्या पाट्यांसकट. याची एक किंमत आहे. नवीन चॅनल पार्टनर प्रोग्रामसाठी 4,000 तास जमवत असेल, तर त्यात फक्त पब्लिक व्हिडिओंचा वेळ धरतात, अनलिस्टेड केल्यावर जुन्याचे तास त्या मोजणीतून जातात. माझ्या ओळखीतले एकजण याच कारणाने जुना पब्लिक ठेवतात. त्यांचा व्हिडिओ गाण्याच्या सरावाचा आहे, तिथे चालून जाईल. पण दोन्ही पब्लिक असले की शोधात जुनाच वर येत राहतो, कारण व्ह्यूज त्याच्याकडे जमलेले असतात.

आपल्याच घरातल्या जुन्या लिंका

प्लेलिस्टमध्ये नवा जुन्याच्या जागी सरकवा आणि जुना काढा. अनलिस्टेड व्हिडिओ प्लेलिस्टमधून आपोआप जात नाही, मालिका बघणाऱ्याला तो लागतोच. मग इतर व्हिडिओंची कार्ड, एंड स्क्रीन, चॅनलच्या पहिल्या पानावरचा व्हिडिओ, वेबसाइटवर एम्बेड केला असेल तर `youtube.com/embed/` पुढची आयडी, हे एकेक करून बदला.

इतर डिस्क्रिप्शनमधल्या लिंका स्टुडिओत बरेच व्हिडिओ एकत्र निवडून शोधा-आणि-बदला करून बदलता येतात. शोधताना पूर्ण लिंक टाकू नका, फक्त अकरा अक्षरी आयडी टाका. एकच व्हिडिओ कधी `youtu.be`ने तर कधी `watch?v=`ने लिहिलेला असतो. आयडीत लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात, म्हणून ती टाइप न करता कॉपीच करा. बदल झाला की दोन-तीन डिस्क्रिप्शन उघडून लिंक दाबून बघा.

हे सगळं झालं की इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, जुनी लिंक उघडा. आपल्या खात्यातून तपासलं तर प्रायव्हेट व्हिडिओही आपल्याला दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. मोबाइलवर ॲपमध्येही बघा: टायटलमधली सूचना तुटत तर नाही ना, कार्ड येतं का, पिन कमेंटमधली लिंक दाबता येते का. जुना शॉर्ट असेल तर त्याच्या डिस्क्रिप्शन आणि कमेंटमधल्या लिंका ऑगस्ट 2023 पासून दाबता येत नाहीत, तिथे नव्याचं नावच शब्दांत लिहावं लागतं.

एका जागी हे काहीच पोहोचत नाही. कोणी व्हिडिओची फाइलच उतरवून गटात टाकली असेल तर तिच्यावर आपलं टायटल नाही, कार्ड नाही. माझ्या बाबतीत दोन बागायतदार गटांत तसं झालं होतं. तिथे नव्याची लिंक एका ओळीच्या खुलाशासह स्वतः टाकली आणि गट चालवणाऱ्यांना जुनी फाइल काढायला सांगितलं. एकाने काढली, दुसऱ्या गटात ती अजून असेल. गटांतल्या जुन्या संदेशांवरचं थंबनेलही तेव्हाचंच राहतं, मात्र तीच लिंक कोणी नव्याने पाठवली की बदललेलं टायटल दिसतं.

पुढच्या वर्षी मे संपता संपता जुन्याच्या ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघडून बघितला. बाहेरून येणाऱ्यांत पुन्हा व्हॉट्सॲप वर चढलेलं होतं. फवारणीचे दिवस आले की जुने संदेश पुन्हा फिरतात. म्हणून तो मी अजून डिलीट केलेला नाही, आणि दरवर्षी पावसाआधी एकदा त्याची लिंक इन्कॉग्निटोत उघडून पाट्या जागेवर आहेत का बघतो.